लाडू सरीवर, जिलबी चिंचपेटीवर

आटपाट नगरातली ती गरीब बहीण आता श्रीमंत होऊन भावाकडे जेवायला आली आहे. पाट मांडला आहे, भोवती रांगोळी आहे, ताटात लाडू-जिलबी वाढली आहे. ती अंगावरची शालजोडी उतरवून ठेवते, मग एकेक दागिना काढून पाटावर मांडते. भावाला वाटतं, जड झाले असतील. मग ती लाडू उचलते आणि सरीवर ठेवते, जिलबी उचलते आणि चिंचपेटीवर ठेवते, भाताचा घास करून ठुशीपुढे ठेवते. भाऊ विचारतो, ताई, हे काय करतेस? ती म्हणते, दादा, ज्यांना तू जेवायला बोलावलंस त्यांना भरवते आहे. माझं जेवण सहस्रभोजनाच्या दिवशीच झालं.

श्रावणातल्या शुक्रवारची ही कहाणी मी लहानपणापासून ऐकत आले. तिच्यावर माझं प्रेम या एका कृतीमुळे आहे. पण ही कृती कथेत नेमकं कोणतं काम करते, हे मला कळलं ते व्लादिमीर प्रॉप वाचताना. एका रशियन अभ्यासकाने शंभर रशियन अद्भुतकथांवर लिहिलेलं पुस्तक हातात धरून श्रावणातली कहाणी वाचायची, हे कुणाला ओढूनताणून वाटेल. मला तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही ते सविस्तर सांगायचं आहे.

प्रॉपचं पुस्तक १९२८ साली लेनिनग्राडमध्ये निघालं. इंग्रजीत यायला त्याला तीस वर्षं लागली. रशियन लोककथा गोळा करणाऱ्या अफानास्येवच्या संग्रहातल्या शंभर कथा समोर ठेवून त्याने एक साधी गोष्ट पाहिली. एका कथेत राजा नायकाला गरुड देतो आणि गरुड त्याला दुसऱ्या राज्यात नेतो. दुसरीत म्हातारा घोडा देतो, तिसरीत मांत्रिक होडी देतो, चौथीत राजकन्या अंगठी देते आणि अंगठीतून निघालेले तरुण नायकाला उचलून नेतात. माणसं बदलली, वस्तू बदलल्या, घडलं तेच. हे जे न बदलणारं घडणं, त्याला त्याने कथेतलं ‘कार्य’ म्हटलं. अशी कार्यं त्याने एकतीस मोजली. प्रत्येक कथेत सगळी येतात असं नाही, पण जी येतात ती ठरलेल्या क्रमाने येतात, असा त्याचा दावा होता. ती कार्यं पार पाडणाऱ्या भूमिका सात: खलनायक, दाता, साहाय्यक, राजकन्या आणि तिचा बाप मिळून एक, नायकाला धाडणारा, नायक आणि तोतया नायक. तोतया म्हणजे नायकाचा मान आपला म्हणून लाटणारा.

या यादीपेक्षा मला महत्त्वाची वाटते ती तिच्यामागची अट. कार्य ओळखायचं ते कृतीच्या नावावरून नाही, ती कृती कथेच्या ओघात कुठे येते आणि तिच्यामुळे पुढे काय होतं यावरून. प्रॉप स्वतः उदाहरण देतो. बापाने नायकाला शंभर रुबल दिले आणि त्यातून त्याने शहाणं मांजर विकत घेतलं, तर ते पैसे देणं एक कार्य. पराक्रम केल्यावर नायकाला पैसे मिळाले आणि तिथे गोष्ट संपली, तर ते पैसे देणं वेगळंच कार्य. दोन्हीकडे हात तोच, रक्कमही तीच असेल, पण कथेतलं काम निराळं.

आता आपली कहाणी या अटीवर लावून बघू.

गरीब ब्राह्मणाची बायको शेजारणीकडे जाऊन गरिबीचं गाऱ्हाणं सांगते. शेजारीण तिला शुक्रवारचं व्रत सांगते: दिवसभर उपास करावा, संध्याकाळी सवाष्णीला बोलवावं, तिचे पाय धुवावेत, हळदकुंकू लावावं, ओटी भरावी, साखर घातलेलं दूध आणि भाजलेल्या हरभऱ्यांची खिरापत द्यावी, मग आपण जेवावं. असं वर्षभर करून उद्यापन करावं. बाई व्रत धरते. त्याच गावात तिचा श्रीमंत भाऊ आहे. तो सहस्रभोजन घालतो, सगळ्या गावाला बोलावतो, बहिणीला बोलावत नाही. भाऊ विसरला असेल असं म्हणून ती मुलांना घेऊन जाते आणि पंगतीत बसते. तूप वाढायला आलेला भाऊ तिला पाहतो. तुला वस्त्र नाही, दागिना नाही, लोक हसतात, म्हणून बोलावलं नाही. आज आलीस ती आलीस, उद्या येऊ नकोस, असं म्हणतो. दुसऱ्या दिवशी मुलं मामाकडे जायचा हट्ट धरतात, ती जाते, भाऊ आणखी टाकून बोलतो. तिसऱ्या दिवशी तो हात धरून तिला बाहेर काढतो. ती देवीला शरण जाते. देवी प्रसन्न होते, घरात सुबत्ता येते. ती उद्यापनासाठी भावाला जेवायला बोलावते. भाऊ मनात ओशाळतो आणि म्हणतो, आधी तू माझ्याकडे ये, नाहीतर मी येणार नाही. आणि मग तो पाट, ते दागिने, तो लाडू.

प्रॉपच्या मते कथेला गती देणाऱ्या गोष्टी दोनच: एक तर कुणीतरी केलेलं नुकसान, नाहीतर कसलीतरी उणीव. इथे उणीव पहिल्याच वाक्यात आहे, गरिबी. ती भागली की गोष्ट संपायला हवी. देवी प्रसन्न झाली, घर धनधान्याने भरलं, सुफळ संपूर्ण. कित्येक व्रतकहाण्या तशा संपतातही. ही संपत नाही. पैसा आला तेव्हा कहाणीचा सगळ्यात मोठा प्रसंग अजून घडायचाच असतो.

याचा अर्थ कथेत दोन फेरे आहेत. एका कथेत असे एकाहून जास्त फेरे असू शकतात, आणि पहिला पुरा व्हायच्या आत दुसरा सुरू होऊ शकतो, हे प्रॉपने नोंदवलं आहे. पहिला फेरा गरिबीचा: उणीव, व्रत, प्राप्ती. दुसरा फेरा पहिल्याच्या मध्येच, व्रत चालू असताना, भावाच्या तुपाच्या भांड्यापाशी सुरू होतो. तिथे उणीव नाही, तिथे नुकसान आहे. भाऊ तिच्याकडून काहीतरी काढून घेतो आणि ते अन्न नव्हे, कारण पहिल्या दिवशी ती जेवलेली असते. तो काढून घेतो तिची बहीण म्हणून असलेली जागा. तीन वेळा हाकलणं म्हणजे तीन वेगळ्या घटना नव्हेत. एकच कार्य तिपटीने येतं, लोककथेच्या सवयीप्रमाणे, आणि दर वेळी चढत जातं. आधी शब्द, मग आणखी कडू शब्द, मग हात.

‘उद्या येऊ नकोस’ हे वाक्य पाहून कुणी म्हणेल, हे तर प्रॉपच्या यादीतलं निषेधाचं, म्हणजे मनाईचं, कार्य, आणि दुसऱ्या दिवशी जाणं म्हणजे निषेधभंग. मला ते पटत नाही. निषेध हा घाव पडायच्या आधीचा असतो. तो मोडला म्हणून संकट येतं. इथे ‘येऊ नकोस’ हेच संकट आहे. प्रॉप वाचताना घसरायला होतं ते नेमकं अशा ठिकाणी: यादी हातात असते, कृतीचा चेहरा ओळखीचा वाटतो आणि आपण चिठ्ठी चिकटवून मोकळे होतो. चिठ्ठी बरोबर आहे का हे तपासायचा उपाय एकच. ती कृती तिथून काढून पाहायची आणि पुढचं काय कोसळतं ते बघायचं. भावाचे ते शब्द काढले तर शेवटचा प्रसंगच उभा राहत नाही. म्हणजे ते मूळ नुकसान आहे, पूर्वतयारी नाही.

शंभर रुबलची अट जेवणाला लावली की मला ही कहाणी फार मोठी वाटू लागते. भावाच्या घरी पाटावर बसणं ही कृती कहाणीत दोनदा येते. घर तेच, वाढणारा तोच, बसणारी तीच. पहिल्यांदा ते बसणं नुकसानाचा भाग आहे, दुसऱ्यांदा तेच बसणं पितळ उघडं पाडण्याचा. ही जुळवणी योगायोगाची नाही. जिथे घाव बसला तिथेच तो उलगडावा म्हणून कहाणी बहिणीला तिच्या नव्या घरी थांबू देत नाही, पुन्हा भावाच्या पाटावर आणते. आणि आणणारा कोण, तर भाऊच. आधी माझ्याकडे ये, हा हट्ट त्याचा आहे.

मी ठाण्यात नौपाड्यात राहते. आमच्या इमारतीत श्रावणात एका काकूंकडे शुक्रवारी सगळ्याजणी जमतो. जांभळी नाक्यावरून फुलं आणि हरभरे येतात, आरती होते, दूध आटवलेलं असतं, आणि कहाणी काकूच सांगतात, पुस्तक न उघडता. त्यांच्या सांगण्यात चिंचपेटीच्या जागी कधी चंद्रहार येतो, भाताच्या जागी पुरणपोळी. यंदा मी त्यांना विचारलं की यातली देणारी कोण, देवी की शेजारीण? एरवी मी असलं काही विचारत नाही, पण त्या आठवड्यात प्रॉप डोक्यात घोळत होता.

“शेजारीणच की,” काकू म्हणाल्या. “तिनं सांगितलं नसतं तर हिला देवी भेटली असती होय?”

समोरच्या बिऱ्हाडातल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाई म्हणाल्या, “पण तिनं स्वतःचं काय दिलं हो? सांगितलं फक्त.”

“सांगणं कमी असतं का, बाई?”

त्यावर बराच वेळ बोलणं चाललं आणि मला त्यात दोघींचंही पटत होतं. प्रॉपच्या मोजमापाने निवृत्त बाईंची बाजू जड आहे. दाता ओळखायचा तो परीक्षेवरून. दाता आधी नायकाला पारखतो, नायक त्या पारखीला उतरतो किंवा उतरत नाही, आणि त्यानंतर देणं होतं. ही तीन कार्यं पाठोपाठ येतात. शेजारीण पारखत नाही. ती गाऱ्हाणं ऐकते आणि वाट दाखवते. धाडणाऱ्याच्या भूमिकेला ती जवळची, जरी इथे नायिका आपणहून तिच्या दारी गेली असली तरी. पण मग परीक्षा कुठे आहे? देवी तर शेवटपर्यंत समोर येऊन काही विचारत नाही.

रशियन कथांमधला मोरोझ्को इथे मला उपयोगी पडतो. सावत्र मुलीला थंडीत रानात सोडलेलं असतं. हिमदेव मोरोझ्को येऊन विचारतो, ऊब वाटते का ग? ती गारठत असते, तरी गोड बोलून उत्तर देते आणि धन घेऊन घरी येते. सख्खी मुलगी जाते, उर्मट बोलते आणि गोठून मरते. परीक्षा म्हणजे वागण्याची रीत. आपल्या कहाणीत ही परीक्षा दर शुक्रवारी होते. घरात दारिद्र्य, स्वतःला दिवसभराचा उपास, आणि तरी संध्याकाळी एका बाईला आपण होऊन बोलवायचं, तिचे पाय धुवायचे, तिच्या हातात दुधाची वाटी द्यायची. व्रताच्या विधीत सवाष्णीच्या अंगावर काय असावं याची अट नाही. हे आणि भावाचं सहस्रभोजन शेजारी ठेवून पाहावं. दोघंही तेच करत आहेत, दुसऱ्याला घरी बोलावून खाऊ घालत आहेत. बहीण एकीला घालते आणि उतरते, भाऊ हजारांना घालतो आणि उतरत नाही. कहाणी हे कुठेच बोलून दाखवत नाही. दोन कृती एका ओळीत ठेवल्या की ते दिसतं. काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या की म्हणूनच खिरापत वाटताना हात आखडायचा नसतो.

आता दागिने. सात भूमिकांपैकी तोतया नायक या कहाणीत कोण, यावर मी बराच विचार केला. भाऊ नव्हे. तो खलनायक आहे, बहिणीची जागा तो हिरावतो, पण तो स्वतः त्या जागेवर बसत नाही. तिच्या जागेवर बसतात ते दागिने. भावाने मांडलेला पाट, काढलेली रांगोळी, वाढलेली जिलबी हा मान बहिणीचा होता आणि तो मिळतो आहे सरी-ठुशीला. प्रॉपने स्पष्ट म्हटलं आहे की कार्याच्या दृष्टीने माणूस, वस्तू आणि गुण यांत फरक करायचा नाही. जो कार्य करतो तो पात्र. तेव्हा सरी ही इथे पात्र आहे, असं मी म्हणू शकते.

पण हेच दागिने देवीने दिलेल्या सुबत्तेतून आलेत. म्हणजे पहिल्या फेऱ्यात ती दात्याने दिलेली जादूची वस्तू आहे, गरुडासारखी, घोड्यासारखी, आणि दुसऱ्या फेऱ्यात तोतया. एकच वस्तू दोन भूमिकांत. बहीण हे ओळखते. साध्या नायिकेने देवीचं देणं अंगावर मिरवलं असतं आणि भावाचा पाहुणचार घेतला असता. ही ते अंगावरून उतरवते, स्वतःपासून वेगळं करते, पाटावर मांडते आणि त्याला जेवू घालते. तोतयाला उघडं पाडायचं तर त्याला नायकापासून सुटं करून शेजारी उभं करावं लागतं. दागिने अंगावर असेपर्यंत मान कुणाला मिळतोय हे दिसणंच शक्य नाही.

इथे प्रॉपच्या क्रमाला धक्का बसतो. त्याच्या यादीच्या शेवटी ओळख पटणं, मग तोतया उघडा पडणं, मग नायकाचं नवं रूप म्हणजे नवी वस्त्रं वगैरे, मग शिक्षा किंवा क्षमा, आणि सर्वांत शेवटी लग्न किंवा सिंहासन. आपल्याकडे नवं रूप खूप आधी येतं. पैठणी आणि दागिने लेवून ती भावाच्या दारात येते ती तोतया उघडा पडायच्या आधी, कारण ते नवं रूपच तोतया आहे. क्रम उलटा झाला म्हणून मी प्रॉप बाजूला ठेवत नाही. उलट, क्रम ठाऊक होता म्हणूनच हे उलटणं दिसलं. रशियन कथेत नवी वस्त्रं हे बक्षीस असतं, त्यावर शंका कुणी घेत नाही. या कहाणीत वस्त्रांवरच आरोप आहे.

आणि शेवटी लग्न नाही. लोककथांचे अभ्यासक ए. के. रामानुजन यांनी कन्नड कथांच्या संदर्भात दाखवून दिलं की बाई केंद्रस्थानी असलेल्या कथांमध्ये लग्न बरेचदा शेवटी न येता आधीच होऊन जातं आणि खरी कथा त्यानंतर सुरू होते. इथेही तिचं लग्न झालेलं आहे, मुलं आहेत. मग एकतिसाव्या कार्याच्या जागी काय येतं? भाऊ पाय धरतो, ती क्षमा करते, मनातली अढी जाते, आणि दोघं जेवतात. मग भाऊ तिच्या घरी जेवायला जातो. ज्या उणिवेने कथा चालत होती ती कोणती, हे कथा कुठे थांबते यावरून ठरवायचं असेल तर उत्तर सरळ आहे. गरिबी ही उणीव अर्ध्यात भागते. कथा थांबते ती भावाबहिणीच्या एका पंगतीला बसण्यावर.

फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉसने १९६० साली प्रॉपवर एक आक्षेप घेतला होता: तुम्ही रूप आणि आशय वेगळे काढलेत, आणि कुणाच्या हातात काय आहे याला किंमत ठेवली नाहीत. आपल्या कहाणीपुरता तो आक्षेप मला खरा वाटतो. सरीच्या जागी चंद्रहार चालेल, काकू तसं करतातच. पण दागिन्याच्या जागी घोडा चालणार नाही. अंगावर चढणारी आणि उतरवता येणारी, बाईच्या बाईपणाचं मोल म्हणून जग जिच्याकडे बघतं अशीच वस्तू हवी. पहिल्या पंगतीत दागिन्यांवाचून देह बसला होता आणि तो नको होता. शेवटच्या पंगतीत देहावाचून दागिने बसतात आणि त्यांना लाडू मिळतो. ही उलटापालट कार्यांच्या ओळीत मावत नाही, ती वस्तूच्या निवडीत आहे.

मला स्वतःला एका वेगळ्या ठिकाणी प्रॉप अपुरा वाटतो. ‘लोक हसतात,’ भाऊ म्हणतो. कहाणी पुन्हा वाचली तर पंगतीत कुणी हसल्याचं एकही वाक्य नाही. तिघी-चौघींना मी मुद्दाम विचारलं, काकूंनाही. कुणाच्याच पाठात कुणी हसत नाही. ते हजार लोक येतात, जेवतात आणि कथेतून निघून जातात. सात भूमिकांत त्यांना जागा नाही, कारण ते काहीच करत नाहीत. तरी भावाने बहिणीला हाकललं ते त्यांच्यासाठी, आणि पाटावर दागिन्यांना मान दिला तोही त्यांच्यापुढे मिरवायच्या सवयीतून. काहीही न करता सगळं घडवणाऱ्याला एकतीस कार्यांच्या यादीत कुठे बसवायचं, हे मी निवृत्त बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, शेवटच्या जेवणाला त्या हजारांपैकी एकालाही बोलावलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?